नाव न विचारता तंबाखू सोडवता येते

प्रश्न

मी चाकणजवळच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात मनुष्यबळ विभाग सांभाळते. एकूण ३४० माणसं, त्यातली १३० कंत्राटी, तीन पाळ्या. यंदा मालकांनी 'तंबाखूमुक्त कारखाना' करायचं मनावर घेतलंय. वार्षिक तपासणीत तंबाखू खाणाऱ्यांची यादी करायची, सोडणाऱ्यांना दिवाळीच्या कार्यक्रमात स्टेजवर बोलावून पाच हजार रुपये द्यायचे आणि न सोडणाऱ्यांचा हजेरी भत्ता कापायचा, असा बेत आहे. मला तो पटत नाही, पण 'मग काय करू ते सांग' म्हटल्यावर मी गप्प बसते. परवा प्रेस शॉपमधले एक जुने कामगार केबिनमध्ये येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, तेवढं माझं नाव यादीत घेऊ नका. पोरीचं लग्न जमतंय." हा उपक्रम कसा आखावा?

उत्तर

त्या काकांचं वाक्य मालकांना जसंच्या तसं ऐकवा. माझ्या मते तुमच्या सगळ्या आखणीचा पाया तिथेच आहे. त्या माणसाला तंबाखू सोडायची नाही असं नाही. आपण तंबाखू खातो हे कागदावर येईल, तो कागद चार हातांतून फिरेल आणि बोलणी चालली आहेत तिथवर पोचेल, याची त्याला धास्ती आहे.

मी बरीच वर्षं कारखान्यांमध्ये वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केलं. एके ठिकाणी अशीच यादी झाली आणि ती फलकावर लागली. पुढच्या वर्षीच्या तपासणीत तंबाखूच्या रकान्यासमोर जवळजवळ प्रत्येकानं 'नाही' लिहिलं. व्यवस्थापनाला वाटलं, उपक्रम फळाला आला. त्याच वर्षी एका वेल्डरच्या गालात आतून पांढरा चट्टा होता. 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला तो 'नाही' म्हणाल्यामुळे मी त्याच्या तोंडात नीट पाहिलं नाही. तो चट्टा दुसऱ्या डॉक्टरांना वर्षभरानं दिसला. ही चूक मला अजून छळते. म्हणून यादीला माझा विरोध आहे. ती झाली की खरं सांगणारा माणूस उरत नाही, आणि ज्याला आधी तपासायला हवं तोच सगळ्यात खोल लपतो.

भत्ता कापण्याचं थोडक्यात सांगते. आपल्या वेतनविषयक कायद्यात मालकाला मनास येईल त्या कारणासाठी दंड करता येत नाही. कोणत्या कृत्यांसाठी दंड होऊ शकतो याची सूचना आधी मंजूर करून लावावी लागते, कामगाराला बाजू मांडायची संधी द्यावी लागते, आणि दंड त्या मुदतीच्या वेतनाच्या तीन टक्क्यांवर जाऊ शकत नाही. घरी, सुट्टीच्या दिवशी तंबाखू खाल्ली म्हणून पैसे कापणं त्यात कुठे बसवणार? तुमच्या कायदेविषयक सल्लागारांना एवढंच विचारा, हा विषय तिथेच मिटेल. हजेरी भत्त्याला तर हात लावूच नका. तो कामावर येण्याचा मोबदला आहे.

आता तुमच्या कारखान्यात नेमकं काय चालत असेल ते पाहू. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते. पुरुषांत हे प्रमाण ३५.५ टक्के होतं, बायकांत १७. पण विडी-सिगारेट ओढणारे फक्त ३.८ टक्के होते आणि तोंडात धरणारे, चघळणारे, दातांना लावणारे २४.४ टक्के. म्हणजे परदेशी कंपनीच्या पुस्तिकेतून उचललेला धूम्रपानविरोधी उपक्रम तुमच्याकडे बहुतेकांना आपला वाटणारच नाही. तुमच्याकडे पुडीतली तंबाखू आणि चुना असेल, मावा असेल, चोरून मिळणारा गुटखा असेल. विदर्भातून आलेली मुलं असतील तर खर्रा असेल. पॅकिंगमधल्या बायकांपैकी काहीजणी सकाळी मशेरी लावत असतील. आपण तंबाखू 'खातो' असं त्यांना वाटतच नाही, त्या दात घासतात. 'तंबाखू खाता का' असं विचारलंत तर त्या अगदी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतील.

आणि साहेब लोकांची सिगारेट विसरू नका. गेटबाहेरच्या टपरीवर चहाबरोबर शिलगावलेली सिगारेट आणि मशीनमागे हातावर मळलेली चिमूट या दोन्हींनी शरीराचं नुकसानच होतं. कारखान्यात मात्र पहिलीला सवय म्हणतात आणि दुसरीला व्यसन. पहिल्या तुकडीत एकही अधिकारी नसेल तर उपक्रम 'त्यांच्यासाठी' आहे असं शॉप फ्लोअर ठरवून टाकेल, आणि ते चूकही नसेल. एखाद्या मॅनेजरनं 'मीही नाव दिलंय' असं स्वतःहून सांगितलं तर उत्तम. त्याला सांगायला लावू नका.

तर पहिलं काम म्हणजे, नोंदी तुमच्या विभागात येणारच नाहीत अशी व्यवस्था. बाहेरचा समुपदेशक घ्या. जवळच्या दंत महाविद्यालयातलं किंवा जिल्हा रुग्णालयातलं तंबाखूमुक्ती केंद्र, किंवा या कामाचा अनुभव असलेली संस्था चालेल. करारात साफ लिहा की नावं समुपदेशकाकडेच राहतील आणि कंपनीला फक्त आकडे मिळतील: किती आले, किती टिकले, किती साहित्य लागलं. प्रत्येकाला एक क्रमांक द्या. कंत्राटी माणसांसाठी तर ही पडद्याआडची सोय म्हणजे पोटाचा प्रश्न आहे. त्यांचं नाव ठेकेदाराला कळलं आणि पुढच्या महिन्यात त्यांना बोलावणं आलं नाही, तर कारण कुणी लिहून देणार नाही. त्यांना उपक्रमातून वगळण्याचा मोह होईल, तो टाळा. बहुतेक ठिकाणी रात्रपाळीचं आणि धुळीचं काम त्यांच्याच वाट्याला असतं.

बसायची जागा नीट निवडा. प्रथमोपचार खोलीबाहेर मंगळवारी ठरावीक वेळी ठरावीक माणसं दिसली की यादी आपोआप तयार होते. म्हणून समुपदेशकाकडे सगळेच जातील असं करा. वजन, रक्तदाब, साखर आणि तोंडाची तपासणी अशी प्रत्येकाची दहा मिनिटं ठेवा. तंबाखूचं बोलणं त्या दहा मिनिटांतच होऊ द्या. प्रश्नही बदलून घ्या. 'खाता का' असं विचारण्याऐवजी 'सकाळी उठल्यावर तोंडात पहिल्यांदा काय जातं, आणि किती वेळानं?' असं विचारलं की मशेरीही कळते आणि सवय किती घट्ट आहे तेही. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत चिमूट लागत असेल तर निकोटिनची ओढ जबर आहे, त्याला नुसत्या बोलण्यानं भागणार नाही.

तोंडाच्या तपासणीला दंतवैद्य असू द्या. घासून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, आणि तीन बोटं उभी मावणार नाहीत इतपतच उघडणारं तोंड, या तीन गोष्टी दिसल्या की माणूस लगेच मोठ्या रुग्णालयाकडे. त्या दिवसाची रजा भरपगारी द्या आणि रजेच्या अर्जावर 'वैद्यकीय तपासणी' एवढंच लिहू द्या. उपक्रमातून बाकी काही साधलं नाही तरी ही तपासणी झालेली असेल.

भीतीचे फलक लावू नका, विशेषतः कँटीनमध्ये. २०१६ पासून तंबाखूच्या वेष्टनाचा ८५ टक्के भाग चित्रमय इशाऱ्यानं व्यापलेला असतो. तुमचा कामगार ते चित्र दिवसातून पाच-सहा वेळा हातात घेतो. तेच चित्र भिंतीवर मोठं करून लावल्यानं त्याला नवीन काही कळत नाही. आपल्याला इथे घाणेरडे समजतात, एवढं मात्र कळतं. फलकावर लिहायचंच असेल तर कुठे, कधी, किती वेळ, काय मिळेल आणि नाव कुणाला कळणार नाही, हे लिहा. 'व्यसनी' हा शब्द कुठल्याही कागदावर नको. 'तंबाखू वापरणारे' म्हणा, तेवढं पुरतं.

सोडायचं म्हणजे प्रत्यक्षात काय होतं, ते एका माणसावरून सांगते, म्हणजे पैशाची आखणी कशासाठी करायची ते ध्यानात येईल. समजा, वय ४६, प्रेस शॉप, बावीस वर्षांची सवय, दिवसाला दोन पुड्या, पहिली चिमूट उठल्याउठल्या. आठवड्याला पाळी बदलते. पहिल्या भेटीत समुपदेशक त्याच्याकडून फक्त वेळा लिहून घेईल. तंबाखू कधी जाते? उठल्यावर, चहानंतर, जेवणानंतर, आणि रात्रपाळीत दोन ते चारच्या मधे तीन-चार वेळा. ही शेवटची वेळ मी प्रत्येक कारखान्यात पाहिली आहे. मशीनसमोर डोळा लागू नये म्हणून माणूस चिमूट धरतो. ती त्याची झोपेवरची युक्ती आहे, आणि ती काढून घेताना बदल्यात काही दिलं नाही तर तो परत तिकडेच जाणार. म्हणून रात्री अडीचला गरम चहा, सोबत खारे दाणे किंवा चणे, आणि दहा मिनिटं मशीनवरून उठायची मुभा द्या. ही सोय सगळ्या पाळीला द्या, म्हणजे कुणाकडे बोट जात नाही.

दुसऱ्या भेटीत तारीख ठरवायची. ती रात्रपाळीच्या आठवड्यात नको, पगाराच्या दिवशी नको आणि गावच्या जत्रेच्या आदल्या दिवशीही नको. सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस सगळ्यात कठीण असतात. चिडचिड होते, झोप उडते, लक्ष लागत नाही. त्रास साधारण दोन ते चार आठवडे हळूहळू ओसरत जातो. प्रेसवर काम करणाऱ्याचं लक्ष उडणं धोक्याचं असतं, म्हणून त्या आठवड्यात त्याला हलकं किंवा दोघांचं काम मागता यावं. कारण सांगावं न लागता मागता यावं, असा सर्वसाधारण नियमच करा: महिन्यातून एकदा कुणीही तीन दिवसांसाठी काम बदलून मागू शकतो.

निकोटिनचं च्युइंगम कंपनीनं फुकट द्यावं. दोन मिलिग्रॅमचं औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. पहिली चिमूट उठल्याउठल्या लागणाऱ्याला चार मिलिग्रॅमचं लागू शकतं, ते डॉक्टरांनी ठरवावं. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंच घेऊ नये. हे गम कसं खायचं ते मात्र समोर बसवून शिकवावं लागतं, कारण तंबाखू चघळणारा माणूस ते साध्या गमसारखं भराभर चावतो. मग उचक्या लागतात, घसा जळतो, 'हे काही आपल्याला मानवत नाही' म्हणून पाकीट फेकलं जातं. हळू चावायचं, चुरचुर जाणवली की गालाच्या आत दाबून ठेवायचं, चुरचुर गेली की पुन्हा दोनदा चावायचं, असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं चहा-कॉफी नाही, नाहीतर निकोटिन तोंडातून नीट शोषलं जात नाही. पहिले सहा आठवडे दिवसाला आठ-दहा, मग हळूहळू कमी करत बाराव्या आठवड्याला बंद. एका माणसामागे साधारण पाचशे गोळ्या धरा आणि घाऊक दर काढा. ज्यांचं तोंड नीट उघडत नाही त्यांना चावणं जमणार नाही, त्यांच्यासाठी कातडीवर लावायची पट्टी आणि डॉक्टर.

गुटखा आणि मावा खाणाऱ्यांची एक वेगळी अडचण असते. त्यांना निकोटिनबरोबर सुपारीचीही ओढ असते, आणि गममध्ये सुपारी नाही. म्हणून बरेच जण 'तंबाखू सोडली' म्हणून नुसत्या सुपारीवर येतात आणि निर्धास्त होतात. सुपारीनं एकटीनंही तोंडाचा कर्करोग होतो, तोंड आखडतं तेही मुख्यतः तिच्यामुळेच. समुपदेशकानं प्रत्येक भेटीत सुपारीचं वेगळं विचारावं. गुटख्याच्या विक्रीवर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, त्यामुळे लोक त्याचं नाव घ्यायला बिचकतात. कुठून आणला हे कुणीही विचारणार नाही, असं पहिल्याच भेटीत सांगून टाकायचं.

एका भेटीत काम होत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका रसायन कारखान्यात झालेल्या अशा उपक्रमाचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे प्रत्येक पुढच्या भेटीबरोबर सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढत गेलं आणि वर्षाअखेर ते सुमारे ४० टक्क्यांवर पोचलं. कारखाना लहान होता आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, तेव्हा चाळीस टक्क्यांचं वचन मालकांना देऊ नका. पण भेटी टिकवल्या तर आकडा चढतो, हे त्यातून घेण्यासारखं आहे. तुमच्याकडे पहिल्या महिन्यात चार भेटी, मग तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात एकेक अशा सहा भेटी धरा. सगळ्या कामाच्या वेळेत. पाळी संपल्यावर बसमध्ये जागा धरायची असते, तेव्हा कुणी थांबत नाही. मधल्या दिवसांसाठी सरकारची मोफत क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६. हा क्रमांक तंबाखूच्या वेष्टनावरच छापलेला असतो.

आता पैसे. बक्षिसानं माणसं तंबाखू सोडतात का, याचं उत्तर हो असं आहे, आणि ते कारखान्या-कंपन्यांतच तपासलं गेलं आहे. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या ८७८ कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला फक्त माहिती दिली, दुसऱ्याला माहिती आणि टप्प्याटप्प्यानं मिळून ७५० डॉलरपर्यंत रक्कम. वर्षाच्या आसपास पैसे मिळणाऱ्या गटात १४.७ टक्के सुटलेले होते, दुसऱ्यात ५ टक्के. बक्षीस बंद होऊन सहा महिने झाल्यावर हेच आकडे ९.४ आणि ३.६ झाले. म्हणजे काही जण परत गेले, तरी फरक राहिला. मालकांना हे दोन्ही आकडे दाखवा. सगळा कारखाना दिवाळीपर्यंत मुक्त होईल ही अपेक्षा त्यांनी आत्ताच सोडलेली बरी.

त्यांच्या दंडाच्या कल्पनेवरही एक अभ्यास बोलतो. २०१५ मध्ये सीव्हीएस या औषधदुकानांच्या साखळीतले कर्मचारी आणि त्यांचे आप्तेष्ट यांच्यात दोन पर्याय तपासले गेले. एकात नुसतं बक्षीस. दुसऱ्यात आधी स्वतःचे १५० डॉलर ठेवायचे, सुटलात तर ते बक्षिसासह परत, नाहीतर गेले. बक्षिसाचा पर्याय ९० टक्क्यांनी स्वीकारला, स्वतःचे पैसे ठेवायला जेमतेम १४ टक्के तयार झाले. ज्यांनी पैसे ठेवले त्यांच्यावर त्याचा परिणाम चांगला झाला, हेही खरं. पण दाराशीच शंभरातले शहाऐंशी लोक परत फिरत असतील तर तो दरवाजा कारखान्याला काय कामाचा?

रक्कम कशी वाटायची याबद्दल माझं मत पक्कं आहे. सगळी रक्कम सुटण्यासाठी ठेवू नका, काही भाग नुसता येण्यासाठी द्या. पहिल्या चार भेटींना प्रत्येकी अडीचशे, म्हणजे हजार रुपये. हे सोडली असो वा नसो मिळावेत. मग महिनाभर तंबाखू नसेल तर पाचशे, तीन महिन्यांना हजार, सहा महिन्यांना दीड हजार. पूर्ण चार हजार होतात, मालकांच्या पाच हजारांच्या आतच. राज्याच्या सरासरीनं तुमच्याकडे शंभराच्या आसपास तंबाखू वापरणारे असतील. पहिल्या फेरीत त्यातले ३५ आले असं धरू. सगळे चार भेटींना आले तर ३५ हजार. महिन्याला २० टिकले तर १० हजार, तीन महिन्यांना १४ टिकले तर १४ हजार, सहा महिन्यांना १० टिकले तर १५ हजार. एकूण ७४ हजार, अधिक गम आणि समुपदेशकाचं मानधन. हे टिकण्याचे आकडे मी हिशेबासाठी घेतले आहेत, तुमचे वेगळे येतील.

ही रक्कम पगारातून देऊ नका. पगारपत्रकावर 'तंबाखू प्रोत्साहन' अशी ओळ छापली गेली की ती घरी पोचते आणि हिशेब विभागालाही दिसते. समुपदेशकाकडे किराणा कूपनं द्या, तो क्रमांकावर नोंद करून वाटेल, आणि महिन्याअखेर त्याची व बाहेरच्या डॉक्टरांची अशा दोन सह्यांचा फक्त आकड्यांचा ताळेबंद तुम्हाला देईल. कंत्राटी माणसालाही ठेकेदाराच्या हातून न जाता तेवढंच मिळेल. या वाटपावर कर कसा लागतो ते सुरू करण्याआधी लेखापालांना विचारून घ्या.

"आम्ही कधी हातच लावला नाही, आम्हाला काय?" हा सवाल पहिल्या आठवड्यातच येईल, आणि तो रास्त आहे. त्यांना तंबाखू न खाल्ल्याबद्दल पैसे द्यायला लागलात तर ज्यांना मिळत नाहीत ते पुन्हा उघडे पडतात. त्यापेक्षा जोडीदाराची जागा ठेवा. नाव देणाऱ्यानं स्वतः निवडलेला एक सहकारी, जो दर दिवशी दोन मिनिटं विचारपूस करेल आणि ओढ लागली की सोबत पाणी प्यायला जाईल. ती उबळ बहुधा पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढी सोबत पुरते. जोडीदारालाही भेटीमागे कूपन. ज्याला कुणालाच सांगायचं नाही, त्याला जोडीदाराची सक्ती नको.

मालक विचारतील, खोटं बोलून पैसे घेतले तर? यासाठी कुणीतरी तपासणीचं यंत्र विकायला येईल, म्हणून आधीच सांगते. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं यंत्र फक्त धूर ओळखतं. तंबाखू-चुना खाणारा त्यात अगदी स्वच्छ दिसतो. निकोटिनपासून शरीरात बनणारं कोटिनिन लाळेत किंवा लघवीत तपासलं तर तंबाखू कळते, पण साधारण मागच्या तीन-चार दिवसांचीच, आणि निकोटिनचं गम खाणाराही त्यात सापडतो. म्हणजे तुम्हीच दिलेलं औषध नियमानं घेणारा माणूस खोटा ठरेल आणि चार दिवस दम धरणारा खरा. म्हणून तिन्ही टप्प्यांना माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवा. रक्कम लहान ठेवण्याचं एक कारण हेही आहे. मालक अगदीच अडून बसले तर फक्त सहा महिन्यांच्या दीड हजारासाठी, गम बंद होऊन किमान आठवडा झालेल्यांची, बाहेरच्या प्रयोगशाळेत, स्वेच्छेनं कोटिनिन तपासणी, आणि निकाल फक्त समुपदेशकाकडे. लघवीची बाटली घेऊन शॉप फ्लोअरवरून चालायला कुणालाही लावू नका.

सहा महिन्यांत बरेच जण पुन्हा सुरू करतील. आखणीत त्यासाठी जागा हवी. पुन्हा सुरू झालेल्याला दिलेले पैसे परत मागायचे नाहीत आणि तीन महिन्यांनी पुन्हा नाव देता यावं. दुसऱ्यांदा आलेल्याला पहिल्या भेटीत एकच विचारायचं: पहिली चिमूट परत कधी गेली, कुणासोबत, कुठे? बहुधा उत्तर एखादं लग्न, मयत किंवा सलग रात्रपाळी असं येतं, आणि पुढची तारीख त्या हिशेबानं ठरते. दिवाळीच्या स्टेजलाही मी याचसाठी नको म्हणते. ऑक्टोबरात हार घातलेला माणूस जानेवारीत पुन्हा सुरू झाला तर तो समुपदेशकाकडे कोणत्या तोंडानं येणार? स्टेजवर सांगायचं असेल तर आकडा सांगा: एवढ्या जणांनी नाव दिलं, एवढे सहा महिने टिकले. ज्याला स्वतःहून बोलायचं आहे त्याला माईक द्या, आमंत्रण नको.

राहिला गेटवरचा प्रश्न. कामाच्या जागी धूम्रपानाला २००३ च्या कायद्यानं बंदीच आहे, आणि रंगकामाजवळ काडेपेटी-लायटर आगीच्या धोक्यासाठी अडवलेच पाहिजेत. थुंकण्यावरही कडक नियम करा, जिथे गरज आहे तिथे झाकणाच्या पिकदाण्या ठेवा, आणि तो नियम मॅनेजरपासून ड्रायव्हरपर्यंत सारखा लावा. हे सगळे नियम कृतीबद्दल आहेत. खिसे उलटे करून पुडी शोधणं मात्र बंद करा. ती मोज्यात जाते, डब्याच्या झाकणात जाते, आणि शोधणाऱ्या पहारेकऱ्याचीच कधी कधी त्यात चिमूट असते. नियम मोडणाऱ्यावरची कारवाई आणि उपक्रमातली नोंद यांचा एकमेकांशी संबंध येता कामा नये, हे दोन्ही बाजूंच्या कागदांवर लिहा. युनियन असेल तर हा कागद त्यांच्यासमोर ठेवूनच पक्का करा.

मालकांकडे जाल तेव्हा 'तंबाखूमुक्त कारखाना' ही पाटी सध्या बाजूला ठेवायला सांगा. पहिल्या वर्षी तीन आकडे मागा: किती जण तोंडाच्या तपासणीला आले, नाव दिलेल्यांपैकी किती जण चारही भेटींना आले, आणि सहा महिन्यांनी किती जण सुटलेले होते. दुसरा आकडा निम्म्याच्या खाली असेल तर माणसांना दोष देण्याआधी भेटीची वेळ आणि जागा तपासा. आणि नाव देणाऱ्यांत कंत्राटी माणसं किंवा बायका जवळजवळ नसतील, तर नाव फुटण्याची भीती अजून गेलेली नाही असं समजा आणि नोंदी कुणाकुणाच्या हातात आहेत ते पुन्हा पाहा.

प्रेस शॉपमधल्या काकांना तुम्ही स्वतः समुपदेशकाकडे पाठवू नका. त्यांचं नाव यादीत जाणार नाही, कारण यादीच होणार नाही, एवढं त्यांना सांगा. तोंडाची तपासणी सगळ्यांची आहे, तेव्हा त्यांच्या पाळीचा दिवस कळवा. बावीस-पंचवीस वर्षं खाणाऱ्याची ती तपासणी लग्न पार पडेपर्यंत लांबवू नये, म्हणून त्यांचा विभाग पहिल्याच आठवड्यात घ्या.